शून्याखाली गेलं की चेंबर थेट ६५५३ अंशांवर! हेक्सचं दशमान करताना काय चुकतंय?

पेटीमोजणी

मंडळी, मी पिंपळगावकडच्या एका द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये रेकॉर्ड सांभाळतो. मूळचा अकाउंट्सचा माणूस, त्यामुळे चुकीचं काही लिहिलं तर सांभाळून घ्या.

चेंबरच्या टेम्परेचर कंट्रोलरमधून मॉडबसवर रीडिंग येतं आणि लॉगर ते सीएसव्ही फाइलमध्ये टाकतो. फाइलमध्ये तापमान सरळ नसतं, चार अक्षरी हेक्स असतं. बसवून देणाऱ्या मुलाने जाताना सांगितलं होतं, "हेक्सचं डेसिमल करा, दहाने भागा, झालं." म्हणून मी एक्सेलमध्ये हे टाकलं:

```
=HEX2DEC(A2)/10
```

दोन महिने सुरळीत चाललं. आता माल भरला आणि चेंबर शून्याच्या आसपास आणलं, तर हे असं दिसतंय (डावीकडे फाइलमधलं, उजवीकडे एक्सेलचं उत्तर):

```
0003   0.3
0001   0.1
0000   0
FFFE   6553.4
FFFB   6553.1
0001   0.1
```

कंट्रोलरच्या डबीवर त्याच वेळी उणे ०.५ दिसत होतं, मी स्वतः पाहिलं. चोवीस रीडिंगमध्ये अशी दोन आली तरी दिवसाची सरासरी साडेपाचशे अंशांच्या आसपास जाते. हा कागद एक्स्पोर्टवाल्याला पाठवायचा असतो! कंट्रोलर बिघडलाय की माझा फॉर्म्युला?

मटार_फ्रीझर

कंट्रोलर ठणठणीत आहे, फॉर्म्युला अर्धवट आहे. आमच्याकडे फ्रोझन मटारचं चेंबर उणे १८ ला असतं, तिथेही सुरुवातीला हेच झालं होतं. एक्सेलला दहा अक्षरी हेक्स दिलं तरच त्याला उणे कळतं. तुमचं चार अक्षरी आहे, म्हणून पुढे सहा F चिकटवा:

```
=HEX2DEC("FFFFFF"&A2)/10
```

आमच्याकडे FF4C येतं, त्याचं बरोब्बर -18 मिळतं. दीड वर्ष वापरतोय, एकदाही चुकलं नाही.

तनुची_आई

माझाही अगदी हाच प्रॉब्लेम आहे! मुलगी अकरावीला आहे. ६०० चं बायनरी करायला दिलंय. तिने हाताने केलं, मी एक्सेलमध्ये तपासायला गेले तर `DEC2BIN(600)` ला `#NUM!` येतंय. त्यालाही पुढे F लावायचे का?

पेटीमोजणी

@मटार_फ्रीझर, दादा, जीव भांड्यात पडला होता, पण क्षणभरच. FFFB ला -0.5 आलं, FFFE ला -0.2 आलं, सगळं जुळलं. पण वरच्या 0003 च्या ओळीत आता -6553.3 दिसतंय. रोग बरा झाला आणि औषध लागलं, असं झालंय.

वैदेही_म

@मटार_फ्रीझर यांनी कारण बरोबर ओळखलंय, पण उपाय फक्त त्यांच्याच चेंबरला चालणारा आहे. त्यांचं तापमान कायम शून्याखाली, त्यामुळे पुढे F लावणं दर वेळी खरं ठरतं. दीड वर्षात एकदा जरी चेंबर बंद पडून उबदार झालं असतं तर तिथेही हेच दिसलं असतं. शून्याच्या वरच्या आकड्याच्या पुढे F लावणं म्हणजे जमेच्या रकमेपुढे उण्याचं चिन्ह काढणं.

आता मूळ गोष्ट. जुन्या चाकांच्या वीज मीटरची आठवण करा. चार चाकं आहेत आणि मीटर 0000 वर आहे. तो एक घर उलटा फिरवला तर काय दिसेल? 9999. हे नऊ हजार नऊशे नव्याण्णव युनिट नाहीत, ते उणे एक आहे, हे आपल्याला कळतं. मीटरला कळत नाही. तुमच्या कंट्रोलरच्या चाकांवर दहाऐवजी सोळा खुणा आहेत, 0 पासून F पर्यंत. 0000 वरून एक घर मागे गेलं की FFFF, दोन घरं मागे FFFE, पाच घरं मागे FFFB. तुमच्याच यादीत बघा, थंडी वाढली तसं ६५५३.४ चं ६५५३.१ झालं, म्हणजे काटा बरोबर दिशेनेच चाललाय, फक्त मोजणी दुसऱ्या टोकापासून होतेय.

चार चाकं, प्रत्येकावर सोळा खुणा, म्हणजे एकूण ६५५३६ घरं. ठरलेला रिवाज असा, की पहिली अर्धी घरं, 0000 ते 7FFF, अधिकाची आणि 8000 पासून FFFF पर्यंतची उण्याची. म्हणून पहिलं अक्षर 8 किंवा त्याच्या वरचं दिसलं की आलेल्या आकड्यातून ६५५३६ वजा करायचे. ६५५३१ वजा ६५५३६ म्हणजे उणे ५, भागिले दहा, उणे ०.५. तुमच्या डबीवर होतं तेच.

फॉर्म्युला:

```
=(MOD(HEX2DEC(A2)+32768,65536)-32768)/10
```

अधिक, उणे, शून्य, तिन्हींना हाच चालेल. IF लावूनही करता येतं, पण मला हा आवडतो, कारण यात HEX2DEC एकदाच लिहावं लागतं.

सोळाआणे_अण्णा

वैदेहीताई, मीटरचं उदाहरण फक्कड. पण 0003 चे ३ कसे आणि FB चे किती, हे पोरांना अजून हाताने येत नाही, म्हणून थोडी लुडबुड करतो.

मी तिसरीत असताना नवा पैसा आला, १९५७ साली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे. घरातल्या हिशेबात कोणी २२५ आणे म्हटलं की आजी लगेच म्हणायची, चौदा रुपये एक आणा. सोळा चौदा दोनशे चोवीस, उरला एक. हेक्स म्हणजे तेवढंच. डावीकडे चौदा, उजवीकडे एक. चौदाला एकच अक्षर हवं म्हणून E लिहायचं, झालं E1. उलटं जायचं असेल तर FB म्हणजे पंधरा रुपये अकरा आणे. पंधरा सोळे दोनशे चाळीस, अधिक अकरा, दोनशे एक्कावन्न.

रुपये सोळाच्या वर गेले तर त्यांनाच पुन्हा सोळाने भागायचं आणि बाकी उजवीकडून डावीकडे लावत जायचं. तनुचे ६०० घ्या. सोळाने भागले, ३७ आले, बाकी ८. सदतीसला सोळाने भागलं, २ आले, बाकी ५. उरले २. शेवटची बाकी आधी वाचायची: 258.

तनुची_आई

अण्णा, पण तिला बायनरी हवंय, हेक्स नको.

सोळाआणे_अण्णा

दोनाने भागत बसलं तर दहा वेळा भागावं लागेल आणि मध्येच एखादी बाकी लिहायची राहते. हेक्स हाती असलं की बायनरी फुकट मिळतं. प्रत्येक अक्षराचे चार खाने करायचे. खान्यांची किंमत आठ, चार, दोन, एक. 2 चे 0010, 5 म्हणजे चार अधिक एक, 0101. 8 चे 1000. ओळीत लावा: 0010 0101 1000. पुढची दोन शून्यं काढली की 1001011000. ताळा करायचा तर ५१२, ६४, १६ आणि ८ मिळवा, सहाशे.

परीक्षेत मात्र दोनाने भागूनच दाखवायला सांगतात, तेव्हा हे कच्च्या पानावर करून उत्तर जुळवायला ठेवा.

वैदेही_म

@तनुची_आई, मुलीचं उत्तर बरोबर असणार, अडलंय ते एक्सेल. DEC2BIN फक्त दहा बिट देतं आणि त्यातलं पहिलं उण्यासाठी राखून ठेवलेलं असतं. म्हणून ते उणे ५१२ पासून ५११ पर्यंतच चालतं. सहाशेला `#NUM!` येणारच. F वगैरे काही लावू नका, त्याऐवजी हे वापरा:

```
=BASE(600,2)
```

हे एक्सेल २०१३ पासून आहे आणि मोठे आकडेही घेतं. उणे आकडा मात्र याला चालत नाही.

प्रश्न वेगळा असला तरी मूळ एकच आहे. HEX2DEC चाळीस बिटांची, म्हणजे दहा अक्षरांची चाकं धरतं. DEC2BIN दहा बिटांची. तुमचा कंट्रोलर सोळा बिटांची धरतो. आकडा उणे आहे की नाही हे चाकं किती आहेत यावर ठरतं, आणि एक्सेलला ते विचारण्याची सोयच नाही. `DEC2HEX(-5)` करून बघा, FFFFFFFFFB येईल. पुढे चार अक्षरं हवीत असं `DEC2HEX(-5,4)` लिहून सांगितलं तरी उणे आकड्याला ते ऐकत नाही, दहाच देतं. चारच हवी असतील तर RIGHT ने शेवटची चार कापून घ्यावी लागतात.

कोड_करी

एक्सेल सोडा, पायथॉन घ्या, एका ओळीत काम:

```python
int("FFFB", 16) / 10
```

वैदेही_म

चालवून पाहिलंत का? 6553.1 च येईल. पायथॉनमध्ये तर चाकांची संख्याच नसते, आकडा हवा तेवढा मोठा होतो. म्हणून त्याच्या दृष्टीने FFFB हा साधा अधिक आकडा. `bin(-5)` ला तो -0b101 म्हणतो, म्हणजे पाचाचं बायनरी आणि पुढे उण्याचं चिन्ह, जसं आपण कागदावर लिहू तसं. रुंदी आपणच सांगावी लागते:

```python
int.from_bytes(bytes.fromhex("FFFB"), "big", signed=True) / 10   # -0.5
hex(-5 & 0xFFFF)                                                 # '0xfffb'
```

कोड_करी

खरंय, 6553.1 आलं. 😅 माझ्याकडे आजवर फक्त रंगांचे कोड यायचे, त्यात उणं कधी आलंच नाही.

मटार_फ्रीझर

वैदेही मॅडम, मान्य. आमचा फॉर्म्युला बदलला. पण हाताने तपासायला ६५५३६ मधून वजाबाकी जरा कटकटीची आहे. रात्रपाळीच्या पोराला कागदावर करता येईल असं काही?

सोळाआणे_अण्णा

त्यालाही वजाबाकी लागते, पण अक्षरागणिक आणि हातचा न घेता. प्रत्येक अक्षर पंधरातून वजा करायचं, शेवटी एक मिळवायचा. तुमचं FF4C घ्या. F गेले तर 0, पुन्हा 0, पंधरातून चार गेले अकरा म्हणजे B, पंधरातून बारा गेले तीन. 00B3. एक मिळवला, 00B4. अकरा रुपये चार आणे, म्हणजे १७६ अधिक ४, एकशे ऐंशी. दहाने भागून पुढे उणे लावा. अठरा.

वैदेही_म

आणि कागद नसेल तर विंडोजचा कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडमध्ये उघडा. तिथे QWORD असं बटण दिसतं, ते दाबत दाबत WORD वर आणा, HEX निवडून FF4C टाका. DEC च्या ओळीत -180 दिसेल. QWORD वरच ठेवलं तर 65356 दिसेल. सोळा बिटं म्हणजेच WORD. रात्रपाळीला हे सगळ्यात सोपं.

पेटीमोजणी

चेंबरचा कागद बसला! सगळ्यांचे आभार. सरासरी ०.१ आली, साहेब खूश.

पण आता एक नवीन भूत दिसतंय. चेंबरबाहेर लोडिंगच्या जागेतही एक सेन्सर आहे. तिथलं तापमान सकाळी हळूहळू वाढत जातं. आलेखात रोज ठरावीक वेळी एक खड्डा पडतो: २२.२, २२.३, मग ०, ०, ०, मग एकदम २३.४. दुपारी नाही, रात्री उतरताना पुन्हा. लोडिंगच्या जागेत बर्फ पडत नाही हो! हा नवा फॉर्म्युला लावण्याआधीच्या शीटमध्येही हेच आहे, म्हणजे वैदेहीताईंचा दोष नाही.

मटार_फ्रीझर

सेन्सरची वायर ढिली असणार. ऊन लागलं की प्रसरण पावते आणि कॉन्टॅक्ट सुटतो.

वैदेही_म

२२.३ आणि २३.४ याच दोन आकड्यांमध्ये रोज सुटणारी वायर मी तरी पाहिली नाही. 😀 पेटीमोजणी, खड्ड्यातल्या ओळीत A कॉलममध्ये, फॉर्म्युल्यात नव्हे, मूळ खान्यात काय दिसतं ते सांगाल?

पेटीमोजणी

0.00E+00 असं दिसतं. मला वाटलं लॉगरचाच काहीतरी एरर कोड असेल.

वैदेही_म

सापडलं. २२.४ म्हणजे २२४, आणि अण्णांच्या भाषेत चौदा रुपये शून्य आणे, 00E0. २२.५ चं 00E1. असं २३.३ पर्यंत, 00E9. एक्सेल सीएसव्ही फाइल थेट उघडताना 00E1 बघतं आणि समजतं, हे शून्य गुणिले दहाचा पहिला घात, वैज्ञानिक पद्धतीने लिहिलेला आकडा. शून्याला कशानेही गुणलं तरी शून्य. HEX2DEC च्या हाती पडायच्या आधीच आकडा गेलेला असतो. 00DF ला, म्हणजे २२.३ ला, काही होत नाही, कारण त्यात D आहे. 00EA पासून पुढेही नाही, कारण E नंतर आकडा नाही. म्हणून खड्डा बरोबर दहा पायऱ्यांचा आहे.

चेंबरच्या कागदावर हे दिसलं नाही, कारण ते कधी बावीस अंशांवर जात नाही. पण गेलं असतं तर एक्सेलने तिथे गुपचूप ०.० लिहिलं असतं, आणि द्राक्षांच्या चेंबरमध्ये ०.० बघून कोणाला शंका आली असती? ६५५३ निदान ओरडून सांगतं.

उपाय: फाइलवर डबलक्लिक करून उघडू नका. रिकाम्या शीटमध्ये Data मधून From Text/CSV घ्या आणि Data Type Detection मध्ये Do not detect data types निवडा. मग कॉलम मजकूर म्हणूनच येतो, HEX2DEC ला मजकूर चालतो. सगळ्यात महत्त्वाचं, डबलक्लिक करून उघडलेली सीएसव्ही सेव्ह केली असेल तर त्या फाइलमध्ये आता 0.00E+00 च आहे, मूळ अक्षरं परत मिळणार नाहीत. लॉगरमधून पुन्हा काढा.

पेटीमोजणी

सेव्ह केल्यात. दोन महिन्यांच्या. 🤦 लॉगरमध्ये मागच्या चाळीस दिवसांचं आहे असं दिसतंय, ते आज उतरवतो. त्याआधीचं गेलं.

कोड_करी

पायथॉनमध्ये csv ने वाचलं तर सगळं मजकूर म्हणूनच येतं, हे होत नाही. पांडासने वाचणार असाल तर `dtype=str` द्या. या वेळी चालवून पाहिलंय!

तनुची_आई

तनुचं उत्तर बरोबर निघालं. अण्णा, तिने आता सगळ्या गणितांचा ताळा हेक्सवरून केला. एकच सापडलं जे जुळलं नाही आणि ते पुस्तकाच्या मागच्या उत्तरातच चुकलंय, असं ती म्हणते. सरांना विचारायला घाबरतेय.

सोळाआणे_अण्णा

घाबरायचं काय त्यात. ताळा लिहून न्यायचा, पाढा सगळ्यांचा सारखाच असतो.

पेटीमोजणी (दोन दिवसांनी)

चाळीस दिवसांचं उतरवलं, From Text/CSV ने घेतलं, खड्डे गेले. पण चेंबरच्या फाइलमध्ये मधल्या आठवड्यात एका पहाटे सलग तीन ओळी 7FFF आहेत. नव्या फॉर्म्युल्याने 3276.7 येतं. हे उण्यात मोडत नाही ना? पहिलं अक्षर 7 आहे.

वैदेही_म

नाही, 7FFF हा सोळा बिटांतला सगळ्यात मोठा अधिक आकडा आहे. बरेच कंट्रोलर सेन्सर तुटला किंवा निघाला की असा टोकाचा आकडा मुद्दाम पाठवतात, काही 8000 पाठवतात. तुमचा कोणता पाठवतो ते त्याच्या मॅन्युअलमध्ये रजिस्टरच्या यादीजवळ लिहिलेलं असेल. तापमान म्हणून तो सरासरीत घेऊ नका.

मटार_फ्रीझर

बघा, वायर! मी म्हटलं होतं.

पेटीमोजणी

या वेळी तुमचंच खरं असू शकतं, दादा. मॅन्युअल ऑफिसात नाही, बसवून देणारा मुलगा फोन उचलत नाही. आता त्या तीन ओळी कागदावर रिकाम्या सोडू की "सेन्सर बंद" लिहू? साहेब म्हणतात, आधीच्या रीडिंगचा आकडा भरून टाक.

वैदेही_म

साहेबांचं ऐकू नका. "सेन्सर बंद" लिहा आणि शेजारच्या खान्यात 7FFF तसंच ठेवा.

मटार_फ्रीझर

आम्ही रिकामंच सोडतो. तपासणीवाले विचारतात, मग सांगतो.